पाच टक्के जंगल गेलं, असं म्हणताना नेमकं काय गेलं?

आलेखाचा एक कागद घ्या. त्यावर एक किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद अशा जंगलाचा चौकोन काढा. म्हणजे 100 हेक्टर झाले. आता चौकोनाच्या मधोमध 50 मीटर रुंदीचा रस्ता आखा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. रस्त्याखाली गेलेली जमीन 5 हेक्टर भरते. प्रकल्पाच्या अहवालात लिहिलं जाईल, "केवळ पाच टक्के वनक्षेत्र बाधित." हिशोब बरोबर आहे, कोणी खोटं बोललेलं नाही.

आता त्याच कागदावर दुसरा हिशोब करू. जंगलाच्या सीमेपासून 100 मीटर आतपर्यंत ऊन, वारा, गुरं आणि तण यांचा त्रास पोचतो असं धरा. हा पट्टा वजा केल्यावर जे उरतं ते खरं आतलं जंगल, म्हणजे गाभा. रस्ता होण्याआधी गाभा होता 800 मीटर गुणिले 800 मीटर, म्हणजे 64 हेक्टर. रस्ता झाल्यावर जंगलाचे 475 मीटर रुंदीचे दोन तुकडे झाले. प्रत्येक तुकड्याला आता रस्त्याकडूनही एक नवी कड आली. चारही बाजूंनी 100 मीटर वजा केले की एका तुकड्यात गाभा उरतो 275 गुणिले 800, म्हणजे 22 हेक्टर. दोन्ही तुकड्यांचा मिळून 44. जमीन गेली 5 टक्के, पण गाभा 64 वरून 44 वर आला, म्हणजे जवळजवळ 31 टक्के गेला.

कडेचा त्रास 200 मीटर आत पोचतो असं धरलं तर आधीचा गाभा 36 हेक्टर होता आणि रस्त्यानंतर तो 9 हेक्टर उरतो. 300 मीटर धरलात तर आधी 16 हेक्टर होता आणि नंतर शून्य. रस्ता तोच, जंगल तेच आणि अहवालातले पाच टक्केही तेच.

संवर्धन जीवशास्त्राच्या पेपरात "हॅबिटॅट फ्रॅगमेंटेशन, एज इफेक्ट आणि वाइल्डलाइफ कॉरिडॉर" असा प्रश्न आला की मुलं तीन स्वतंत्र टिपा लिहितात. पहिल्यात व्याख्या, दुसऱ्यात व्याख्या, तिसरीत हत्तींच्या कॉरिडॉरची नावं. मी अशा उत्तरपत्रिका बऱ्याच पाहिल्या आहेत, त्यात चूक काही नसते, पण गुण निम्मे मिळतात. कारण या तीन गोष्टी एकाच साखळीच्या कड्या आहेत. तुकडे पडले की कड वाढते आणि गाभा घटतो, ही एक वाट. तुकडे पडले की प्राणी एकमेकांपासून तुटतात, ही दुसरी. कॉरिडॉर हा उपाय फक्त दुसऱ्या वाटेवरचा आहे, पहिलीवर तो फारसा काही करत नाही. एवढं ज्याच्या उत्तरात दिसतं त्याला विषय कळलेला असतो.

व्याख्येतलाच एक घोळ आधी सोडवू. अधिवास कमी होणं आणि अधिवासाचे तुकडे पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरचा रस्ता चौकोनाच्या मधून न नेता एका कडेने नेला असता तरी 5 हेक्टरच गेले असते. पण मग 950 गुणिले 1000 मीटरचा एकच सलग तुकडा उरला असता आणि त्याचा गाभा 60 हेक्टर भरला असता. म्हणजे कडेच्या रस्त्याने 4 हेक्टर गाभा जातो आणि मधल्या रस्त्याने 20. हा फरक निव्वळ विखंडनाचा. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी हातात हात घालून येतात, म्हणून कुठला तोटा कशामुळे झाला हे वेगळं काढणं अवघड असतं, आणि त्यावरून तज्ज्ञांमध्ये जुना वादही आहे. काहींचं म्हणणं असं की एकूण क्षेत्र तेवढंच असेल तर तुकड्यांचा स्वतंत्र परिणाम वाटतो तितका मोठा नसतो. उत्तरात या वादाचं एक वाक्य टाका, पण त्यात रमू नका.

आता कडेकडे येऊ. इथे एक सापळा आहे. बारावीच्या किंवा बी.एस्सी.च्या पुस्तकात एज इफेक्ट म्हणजे दोन परिसंस्था जिथे भेटतात तिथे प्रजातींची संख्या जास्त असते, असं शिकवलेलं असतं. ते खोटं नाही. अमेरिकेत आल्डो लिओपोल्डने 1933 मध्ये शिकारीच्या प्राण्यांबद्दल लिहिताना कडेचा हा फायदा सांगितला होता. जंगलात आसरा आणि बाहेर चारा, असं दोन्ही हाताशी असलं की काही प्राण्यांची चंगळ होते. आपल्याकडे रानडुक्कर, नीलगाय आणि बिबट्या कडेवर मजेत राहतात. पण संवर्धनाच्या पेपरात प्रश्न वेगळा असतो. कडेवर किती प्रजाती आहेत यापेक्षा, फक्त आतल्या जंगलात जगू शकणाऱ्या प्रजातींचं काय झालं, हे तिथे विचारलेलं असतं. कडेवर यादी लांबते, पण त्यात भर पडते ती कुठेही राहू शकणाऱ्यांची. यादीतून गळतात ते दुसरीकडे कुठेच न राहणारे. म्हणून "एज इफेक्टमुळे जैवविविधता वाढते" असं मोकळं वाक्य लिहून पुढे जाऊ नका.

कडेवर नेमकं काय होतं, हे सगळ्यात बारकाईने पाहिलं गेलं ते ब्राझीलमध्ये, मनाउस शहराच्या उत्तरेला. 1979 मध्ये थॉमस लव्हजॉय यांच्या पुढाकाराने तिथे एक प्रयोग सुरू झाला. गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडलं जाणारच होतं. मग तोडताना मध्ये 1 हेक्टर, 10 हेक्टर आणि 100 हेक्टर असे मोजून तुकडे राखले गेले, आणि तोडण्याआधी त्यांत काय होतं याची नोंद करून ठेवली. या आधीच्या नोंदीमुळेच प्रयोगाला किंमत आहे. आपण बहुतेक ठिकाणी जंगल तुटल्यावर मोजायला जातो आणि आधी काय होतं याचा अंदाज बांधतो.

तिथे काय दिसलं? कुरणावरून येणारा गरम, कोरडा वारा थेट झाडांवर आदळू लागला. दाट जंगलात वाढलेल्या मोठ्या झाडांना वाऱ्याची सवय नसते, त्यांना एकमेकांचा आडोसा असतो. कडेपासून 300 मीटरच्या आतली मोठी झाडं आतल्या जंगलाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने मरू लागली. ती पडली की वरचं छत फाटतं आणि ऊन जमिनीपर्यंत येतं. मग वेली आणि भराभर वाढणारी हलक्या लाकडाची झाडं जागा धरतात. लष्करी मुंग्यांच्या मागे फिरून त्यांनी उठवलेले किडे टिपणारे काही पक्षी आहेत, ते 1 आणि 10 हेक्टरच्या तुकड्यांतून लवकरच नाहीसे झाले. मुंग्यांच्या एका वसाहतीला फिरायला मोठं जंगल लागतं आणि त्या पक्ष्यांना अशा कित्येक वसाहती लागतात. आणि शंभर मीटरपेक्षा अरुंद मोकळी पट्टीसुद्धा दाट जंगलातल्या काही पक्ष्यांनी ओलांडली नाही. उडता येणारा पक्षी शंभर मीटर का ओलांडणार नाही, असं आपल्याला वाटतं. पण आयुष्यभर सावलीत वावरलेल्या पक्ष्याला तो लख्ख उजेड भिंतीसारखा असतो.

आता ॲमेझॉनचा हा 300 मीटरचा आकडा जसाच्या तसा उचलून पेंच किंवा ताडोबाला लावू नका. मध्य भारतातलं सागाचं पानगळीचं जंगल एप्रिलमध्ये स्वतःच निष्पर्ण होतं. कडेला आणि आत ऊन जवळजवळ सारखंच पडतं, त्यामुळे उन्हा-वाऱ्याचा कडेचा परिणाम तिथे सौम्य असतो. आपल्याकडे कड आत सरकते ती माणसाच्या वाटेने. गुरं रोज सकाळी आत जातात आणि संध्याकाळी परततात, म्हणून चराईचा पट्टा साधारण गुरं दिवसभरात जितकं चालतील तितका आत जातो. जळाऊ लाकडाचंही तसंच, डोक्यावर मोळी घेऊन किती चालता येईल यावर ते ठरतं. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, ती आग कधी कधी आत पसरते. मोकळ्या झालेल्या जागी घाणेरी शिरते आणि तिच्या जाळीखाली चितळाला खायचं गवत उगवत नाही. गावची कुत्री चितळाच्या पाडसांमागे लागतात आणि रोगही घेऊन येतात. म्हणजे "एज इफेक्ट किती मीटर?" या प्रश्नाला एक उत्तर नसतंच. उन्हाची कड वेगळी, गुरांची वेगळी आणि कुत्र्यांची त्याहून खोल. उत्तरात "कडेची खोली ही प्रक्रियेनुसार बदलते" एवढं लिहून दोन प्रक्रियांची तुलना केलीत तरी तपासणाऱ्याचा हात थांबतो.

आकाराचाही संबंध आहे. तेवढ्याच क्षेत्रफळात वर्तुळाची कड सगळ्यात कमी आणि लांब पट्टीची सगळ्यात जास्त. 200 मीटर रुंद आणि 5 किलोमीटर लांब पट्टी काढा. क्षेत्रफळ पुन्हा 100 हेक्टरच, पण 100 मीटरची कड दोन्ही बाजूंनी वजा केली की गाभा शून्य. ही पट्टी लक्षात ठेवा, कॉरिडॉरपाशी ती परत भेटणार आहे.

दुसरी वाट तुटलेपणाची. कड वगैरे सगळं ठीक असलं, तुकड्यात चारा-पाणी भरपूर असलं, तरी आतली संख्या लहान आणि बाहेरून कोणी येत नाही, एवढ्यानेही हळूहळू घात होतो. इथलं गणित सोपं आहे आणि परीक्षेत फार कमी जण ते लिहितात. प्रत्येक पिढीत जनुकीय विविधतेचा 1/(2Ne) एवढा भाग निव्वळ योगायोगाने गळतो. Ne म्हणजे प्रत्यक्ष पुढची पिढी घडवणाऱ्यांची परिणामी संख्या. कॅमेऱ्यात दिसलेले सगळे वाघ त्यात धरायचे नसतात. पिल्लं, जागा न मिळालेले तरुण नर आणि म्हातारे वाघ वगळले की तीस वाघांच्या जंगलात Ne दहाच्या आसपासही असू शकते. मग दर पिढीला 5 टक्के गळती. दहा पिढ्यांत, म्हणजे वाघाच्या बाबतीत ढोबळमानाने पन्नास-साठ वर्षांत, चाळीस टक्के विविधता जाते. Ne 50 असेल तर तेवढ्याच काळात साधारण दहा टक्के.

या गळतीचं डोळ्यांना दिसणारं उदाहरण ओडिशातल्या सिमिलीपालमध्ये आहे. तिथल्या बऱ्याच वाघांचे पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले आहेत की वाघ काळाच वाटतो. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून कळलं की हे एका जनुकातल्या एका बदलामुळे होतं आणि रंग दिसायला तो बदल आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो. रानात इतरत्र न सापडणारी ही गोष्ट सिमिलीपालमध्ये इतकी वाढली, कारण तिथली संख्या लहान आहे आणि ती इतर वाघांपासून तुटलेली आहे. पर्यटकांना काळा वाघ दिसला की आनंद होतो. जनुकशास्त्रज्ञाला त्यात सुटलेल्या दोऱ्या दिसतात. काळा रंग वाघाला घातक आहे असं नाही. पण एक दुर्मिळ जनुक योगायोगाने इतकं पसरू शकलं, तर एखादं हानिकारक जनुकही तसंच पसरू शकतं.

यावरचा उतारा तुलनेने स्वस्त आहे. बाहेरून दर पिढीला एखाद-दुसरा प्राणी आला आणि त्याला पिल्लं झाली, तरी ही गळती बरीच भरून निघते. खऱ्या जगातल्या चढउतारांचा विचार करून हा आकडा एक ते दहा असा सांगतात. म्हणजे कळपच्या कळप हलायला नकोत, थोडेच प्राणी हवेत. मात्र ते पोचले पाहिजेत आणि त्यांचं प्रजनन झालं पाहिजे.

इथून कॉरिडॉर सुरू होतो. नकाशावर दोन हिरव्या ठिपक्यांना जोडणारी हिरवी रेघ दिसली की ती झाली संरचनात्मक जोडणी. प्राणी प्रत्यक्षात तिथून जात असेल तर ती कार्यात्मक जोडणी. कधी रेघ असते पण प्राणी जात नाही. कधी रेघ नसते, नुसतं कापसाचं शेत असतं आणि वाघ रात्री त्यातून निघून जातो. प्रश्नात "कॉरिडॉर" शब्द दिसला की हा भेद पहिल्या दोन वाक्यांत यायला हवा.

कार्यात्मक जोडणी ओळखायची कशी? मध्य भारतातल्या कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट या चार ठिकाणच्या वाघांच्या विष्ठेतून डीएनए काढून 2013 मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्वीची आणि अलीकडची जनुकांची देवाणघेवाण शोधून त्यांची तुलना केली. जंगलाने जोडलेल्या जोड्यांमध्ये, म्हणजे कान्हा-पेंच आणि सातपुडा-मेळघाट यांच्यात, देवाणघेवाण टिकून होती. बाकी ठिकाणी ती घटली होती. वाघ तिकडे जातात आणि तिथे त्यांचा संसारही होतो, याचा हा पुरावा.

आणि याच कान्हा-पेंचच्या मुलखातून जुना राष्ट्रीय महामार्ग 7, म्हणजे आताचा 44, जातो. महाराष्ट्रात मनसरपासून राज्याच्या सीमेवरच्या खवाशापर्यंतचा दुपदरी रस्ता चौपदरी करायचं ठरलं तेव्हा प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जंगलातल्या टप्प्यात प्राण्यांना जायला नऊ ठिकाणी वाट ठेवून रस्ता वर उचलला गेला. या वाटा 50 मीटरपासून 750 मीटरपर्यंत रुंद आहेत. गाड्या वरून धावतात आणि खालून ओढा, माती आणि झुडपं तशीच सलग राहतात.

हा आकडा नीट पाहा. आपल्याकडे कित्येक ठिकाणी पावसाच्या पाण्यासाठी टाकलेल्या पाइपाला किंवा चार मीटरच्या मोरीला "वन्यजीव अंडरपास" म्हटलं जातं. चितळ किंवा गवा समोर उजेड दिसल्याशिवाय बोगद्यात शिरत नाही. मोकळेपणा मोजायची साधी पद्धत अशी, की वाटेची रुंदी गुणिले उंची भागिले तिची लांबी, म्हणजे प्राण्याला आत चालावं लागणारं अंतर. चौपदरी रस्त्याखाली हे अंतर वाढतं, म्हणून रुंदी आणि उंचीही वाढवावी लागते. शिवाय तळाला काँक्रीट नको, माती हवी. दोन्ही तोंडांपाशी ढाबे किंवा चहाची टपरी नको. आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना प्राण्याला तिच्याकडे वळवणारं कुंपण किंवा भिंत हवी, नाहीतर तो जवळच्या उघड्या जागेवरून सरळ रस्त्यावर चढतो.

2019 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने या वाटांखाली दहा महिने कॅमेरे लावले. 18 प्रजातींचे वन्यप्राणी तिथून जाताना दिसले. पट्ट्यांवरून ओळखलेले 11 वेगवेगळे वाघ मिळून 89 वेळा गेले. ही माहिती बहुतेकांना पाठ असते, पण ती पुढे वाचत कोणी नाही. 89 ला 11 ने भागा, एका वाघामागे सरासरी आठ फेऱ्या येतात. म्हणजे यातले निदान काही वाघ तिथलेच रहिवासी असावेत, त्यांचा इलाखा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असावा आणि ते घरच्या घरी ये-जा करत असावेत. ही चांगलीच गोष्ट आहे, रस्ता त्यांना भिंत वाटत नाही हे यातून कळतं. पण कान्ह्यात जन्मलेला एखादा तरुण नर इथून जाऊन पेंचमध्ये बाप झाला का, हे कॅमेरा सांगत नाही. ते पुन्हा विष्ठेतला डीएनएच सांगेल, आणि तोही उशिरा. रस्ता आज झाला तर जनुकांमधला दुरावा दिसायला काही पिढ्या जातात. उलट 2013 च्या अभ्यासात दिसलेली एकरूपता चौपदरीकरणाच्या आधीची आहे. "जनुकीय अभ्यासात जोडणी दिसते, म्हणजे रस्त्याचा परिणाम नाही" असं कोणी लिहिलं तर तिथे लाल रेघ ओढायला हरकत नाही.

मग ती 200 मीटरची पट्टी. कॉरिडॉर लांब आणि अरुंद असतो, म्हणजे तो जवळजवळ सगळाच कड असतो. आग, घाणेरी आणि गावातल्या कुत्र्यांचे रोग त्याच वाटेने पुढच्या जंगलात जाऊ शकतात. अरुंद पट्टीत प्राणी माणसाच्या तोंडी पडतो, त्यामुळे तिथे संघर्षही जास्त. म्हणून कॉरिडॉरची रुंदी ठरवताना "प्राणी जाईल का" एवढंच विचारून भागत नाही, "प्राण्याला तिथे चार दिवस थांबता येईल का" हेही पाहावं लागतं. वाघासारख्या प्राण्याला ही वाट एका रात्रीत संपत नाही.

कायद्याचा भाग थोडक्यात. व्याघ्र प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी 2014 मध्ये देशातले 32 प्रमुख व्याघ्र कॉरिडॉर नकाशावर मांडले. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2006 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 38-ओ नुसार व्याघ्र प्रकल्पांना जोडणारी जमीन राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या मंजुरीशिवाय आणि प्राधिकरणाच्या सल्ल्याशिवाय पर्यावरणाला न पेलणाऱ्या वापरासाठी वळवता येत नाही. पण अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान यांच्यासारखा "कॉरिडॉर" हा जमिनीचा स्वतंत्र संरक्षित दर्जा नाही. त्यात राखीव जंगल असतं, महसुली जमीन असते आणि लोकांची शेतंही असतात. शेतकऱ्याने कापूस काढून ऊस लावला किंवा बांधावर विजेची तार सोडली की नकाशा न बदलताही वाट बदलते.

आणि वाट असून भागतंच असंही नाही. हे ज्याने दाखवलं तो आपल्या विदर्भातलाच एक वाघ, टी1-सी1, लोक त्याला वॉकर म्हणू लागले. जन्म यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला. टिपेश्वर जेमतेम 148 चौरस किलोमीटरचं, आणि तिथे वाघ वाढलेले, म्हणजे तरुण नराला बाहेर पडणं आलंच. 2019 च्या फेब्रुवारीत त्याला रेडिओ कॉलर घातली आणि जूनमध्ये तो निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगणातल्या जिल्ह्यांतून फिरत तो वर्षअखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सरळ रेषेत हे अंतर अडीचशे किलोमीटरही नाही. कॉलरने मोजलेली त्याची एकूण चाल नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरांवर गेली.

नकाशावर या प्रवासात सलग हिरवी रेघ नाही. तो शेतांतून, नाल्यांच्या काठाने, महामार्ग ओलांडून बहुतेक रात्रीच चालला आणि दिवसा झुडपात पडून राहिला. वाटेत लागलेली लहानसहान जंगलं त्याला टप्प्याटप्प्याने उपयोगी पडली. नदी ओलांडताना आपण एका दगडावरून दुसऱ्यावर पाय ठेवतो, तशी. इंग्रजी पुस्तकांत याला स्टेपिंग स्टोन म्हणतात आणि परीक्षेत सलग कॉरिडॉरला पर्याय म्हणून ते विचारतात. कार्यात्मक जोडणीला याहून चांगलं उदाहरण शोधायला बाहेर जायची गरज नाही.

आता त्याने जिथे मुक्काम ठोकला ते ज्ञानगंगा पाहा. सुमारे 205 चौरस किलोमीटरचं जंगल, चितळ, नीलगाय आणि रानडुक्कर असल्यामुळे पोटापुरती शिकार मिळणारं. त्याच्याशी जागेसाठी भांडायला तिथे दुसरा वाघ नव्हता आणि वाघीणही नव्हती. जनुकीय हिशोबात मागे "पोचले पाहिजेत आणि प्रजनन झालं पाहिजे" अशा दोन अटी होत्या. त्यांतली पहिली त्याने तीन हजार किलोमीटर चालून पुरी केली. दुसरी त्याच्या हातात नव्हती. ज्ञानगंगेत वाघीण आणून सोडायची का, यावर चर्चा झाली. एप्रिल 2020 मध्ये त्याची कॉलर निघाली, तेव्हा तो तिथे एकटाच होता.